दिवा रात्री दोनलाच का विझतो?

हिंगोलीहून वाशीमकडे निघाले की जिल्हा संपता संपता कनेरगाव नाका लागतो. जवळून पैनगंगा वाहते आणि पलीकडे विदर्भ सुरू होतो. अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड यांना जोडणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग याच पट्ट्यातून जातो आणि पूर्णा–अकोला रेल्वेमार्गावरही या नावाचे स्टेशन आहे. अशा गावाची रात्र इतर खेड्यांसारखी दहाला मिटत नाही. मालाच्या गाड्या रात्रभर धावतात, उशिराच्या एसटीतून माणसे उतरतात. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्रीही येते, तेव्हा रब्बीच्या दिवसांत हरभऱ्याला, गव्हाला, हळदीला पाणी द्यायला माणूस मध्यरात्री घराबाहेर पडतो. रस्त्यावरच्या दिव्याची खरी गरज बाराच्या पुढे लागते, आणि सोलरचा दिवा नेमका तेव्हाच दगा देतो.

मराठवाड्यात आणि वऱ्हाडात कुठेही विचारा, तक्रार एकच ऐकू येते. नवा होता तेव्हा पहाटेपर्यंत जळायचा, आता बारा-एकला जातो. त्यावरचे उत्तरही ठरलेले असते: बॅटरी बसली, नवी टाका. ग्रामपंचायतीचा ठराव होतो, बॅटरी येते, दिवा काही महिने नीट जळतो आणि वर्ष-दीड वर्षात पुन्हा तीच तक्रार सुरू होते. या उत्तराबद्दलच मला या लेखात बोलायचे आहे. बॅटरी कधीकधी खरेच संपलेली असते. पण पुष्कळदा ती उपाशी असते, आणि उपाशी ठेवूनच आपण तिला मारतो. हा फरक खांबाखाली उभे राहून, एका साध्या मल्टिमीटरने आणि दोन-चार रात्रींच्या नोंदींनी कळू शकतो.

सोलरच्या खांबावर चार वस्तू असतात. वर प्लेट, म्हणजे पॅनेल. डब्यात बॅटरी. दोघांच्या मध्ये कंट्रोलर. आणि एलईडीचा दिवा. प्लेट दिवसा भरते, बॅटरी साठवते, दिवा रात्री खर्च करतो आणि किती भरायचे, किती काढू द्यायचे हे कंट्रोलर ठरवतो. घरातल्या रांजणासारखाच हा व्यवहार आहे. रांजण मध्यरात्री रिकामा झाला तर तीनच गोष्टी घडलेल्या असू शकतात: दिवसा पाणीच कमी पडले, किंवा काढताना जास्त काढले, किंवा रांजणाच्या तळात दगड साचून त्याची पोकळीच लहान झाली. पहिला दोष प्लेटचा, दुसरा कंट्रोलरच्या सेटिंगचा, तिसरा बॅटरीच्या वयाचा. तिन्ही वेळा दिसणारे लक्षण एकच, म्हणून गोंधळ होतो.

हिशेबासाठी उदाहरणादाखल एक खांब घेऊ. प्लेट ४० वॉटची, बॅटरी १२ व्होल्ट ४० ॲम्पिअर-अवरची लेड-ॲसिड, दिवा ९ वॉटचा एलईडी. खेड्यापाड्यांत या मापाचे संच बरेच दिसतात. ॲम्पिअर-अवर हे साठ्याचे माप आहे: एक ॲम्पिअर करंट एक तास वाहिला की एक ॲम्पिअर-अवर खर्च झाला. आपला दिवा पूर्ण उजेडात साधारण ०.८५ ॲम्पिअर घेतो. दिवाळीच्या सुमारास या भागात सूर्य पावणेसहाला मावळतो आणि सव्वासहा-साडेसहाला उगवतो. दिवा सहाला लागून सहाला विझतो असे धरले तर बारा तासांचे दहा ॲम्पिअर-अवर होतात.

पण संच आखणाऱ्याने दिवा रात्रभर पूर्ण उजेडात जळेल असे धरलेलेच नसते. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या जुन्या मानकांपासून रीत अशी चालत आली आहे की पहिले चार तास पूर्ण उजेड आणि पुढे पहाटेपर्यंत कमी उजेड. त्या रीतीने चार तासांचे ३.४ आणि अर्ध्या उजेडातल्या आठ तासांचे जवळपास तेवढेच, असे सगळे मिळून सात ॲम्पिअर-अवर लागतात. आता जमेची बाजू. स्वच्छ प्लेट, निरभ्र दिवस, पाच तासांचे भरीव ऊन आणि बॅटरीतली घट वजा जाता रोज साडेनऊच्या आसपास हाती लागतात. सात खर्च, साडेनऊ जमा. रोज थोडे उरते आणि ढगाळ दिवशी ते कामी येते. संच बरोबर आहे.

आता नवरात्रात कोणीतरी म्हणाले, दिवा मध्यरात्री मंद होतो, जरा वाढवा. कंट्रोलरचे बटण दाबून, किंवा एकसंध दिवा असेल तर रिमोटने, पूर्ण उजेड पहाटेपर्यंत केला गेला. खर्च सातावरून दहावर गेला. पहिल्या रात्री काहीच बिघडले नाही, दुसऱ्या रात्रीही नाही, कारण बॅटरीत मागचा साठा होता. त्याच दिवसांत सोयाबीनची काढणी सुरू झाली.

या पट्ट्यात धूळ म्हणजे काय हे सोयाबीनच्या मळणीत कळते. मळणीयंत्रातून उडणारे कुटार आणि बारीक भुसा दूरपर्यंत पसरतो. पावसाळाभर धुऊन निघालेल्या प्लेटवर दसऱ्यानंतर पहिला थर बसतो तो याचा. त्यावर महामार्गाची धूळ बसते, पहाटेचे दव ती ओली करते आणि ऊन तिला वाळवून चिकटवते. उन्हाळ्याच्या तोंडावर हळद शिजते, वाळते, पॉलिश होते, तेव्हा आणखी एक थर येतो. जूनपर्यंत धुणारा पाऊस फारसा नाही. नुसती सुटी धूळ वाऱ्याने थोडीफार उडते, पण दवाने चिकटलेली राहते. चौकटीच्या खालच्या काठाशी तर तिची पट्टीच तयार होते, आणि ती पट्टी खालच्या ओळीतल्या सेलवर आली की नुकसान थराच्या मानाने फार मोठे असते. प्लेटमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. सर्वांत कमी ऊन मिळणारा सेल बाकीच्यांचाही करंट अडवतो. पक्ष्याची वाळलेली विष्ठा, दुपारी सावली टाकणारी लिंबाची एक फांदी, वरून गेलेली केबल यांचे नुकसान त्यांच्या आकारावर जात नाही ते याचमुळे.

आपल्या खांबावर थराने चौथा भाग खाल्ला असे धरू. साडेनऊचे सात उरले. खर्च दहा, जमा सात. रोज तीन ॲम्पिअर-अवरची तूट. बॅटरीत काढता येण्याजोगे तीसेक होते, म्हणजे दहा दिवस कोणाला पत्ता लागला नाही. अकराव्या-बाराव्या रात्रीपासून साठा संपला आणि दिवा त्या दिवशी जमा झाले तेवढ्यावरच जगू लागला. सात भागिले ०.८५, म्हणजे सव्वाआठ तास. सहाला लागलेला दिवा सव्वादोनच्या सुमाराला विझतो. आणि बॅटरी? ती अजून धडधाकट आहे.

बटण नवरात्रात दाबले, दिवा दिवाळीच्या तोंडावर विझू लागला. मधले दिवस सगळे सुरळीत होते, म्हणून कोणी त्या बटणाची आठवण काढत नाही. सगळ्यांचे बोट बॅटरीकडे जाते.

मग खांबाखाली उभे राहून ओळखायचे कसे? पहिली पायरी मीटरशिवायची आहे. सलग चार-पाच रात्री दिवा विझण्याची वेळ लिहून ठेवायची, शेजारी त्या दिवशी ऊन होते की ढग हेही लिहायचे. समोरच्या चहाच्या टपरीवाल्याला किंवा रात्री पाण्याला जाणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगितले तरी होते. ऊन चांगले पडले त्या रात्री उशिरा आणि ढगाळ दिवशी लवकर विझत असेल, तर दिवा रोजच्या कमाईवर जगतो आहे. दोष जमा-खर्चात आहे. ऊन असो वा ढग, रोज ठरलेल्या मिनिटाला विझत असेल, तर कंट्रोलरचे घड्याळ तो बंद करते आहे. अनेक छोट्या कंट्रोलरवर एक आकडा दिसतो. काहींत शून्य म्हणजे संध्याकाळपासून पहाटेपर्यंत आणि पुढचा प्रत्येक आकडा म्हणजे अंधार पडल्यापासून तितके तास. तिथे सात लागलेला असेल तर दिवा नोव्हेंबरात एकला आणि जूनमध्ये, सूर्य सातच्या सुमाराला मावळत असल्यामुळे, दोनला जाईल. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात, म्हणून संचाबरोबर आलेला कागद ग्रामपंचायतीच्या कपाटात जपून ठेवायला हवा. आणि दिवा साडेनऊ-दहालाच जात असेल, विझून पुन्हा लागत असेल, लुकलुकत असेल, तर बॅटरीचा संशय वाढतो.

लुकलुकण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बॅटरी फार खाली जाऊ नये म्हणून लेड-ॲसिडसाठी कंट्रोलर साधारण ११.१ व्होल्टला दिवा तोडतो आणि व्होल्टेज १२.६ च्या आसपास चढल्याशिवाय पुन्हा जोडत नाही. जुन्या बॅटरीचा आतला अवरोध वाढलेला असतो. दिवा चालू असताना तिचे व्होल्टेज धाडकन पडते, दिवा सुटला की ओझे गेल्यामुळे तितक्याच वेगाने वर येते. दोन मर्यादांमधले अंतर कमी ठेवले असेल तर दिवा रात्रभर लागत-विझत राहतो. भुकेल्या पण निरोगी बॅटरीत असे सहसा होत नाही. तिचे व्होल्टेज सावकाश उतरते आणि तोडल्यावरही फारसे वर येत नाही.

दुसरी पायरी मीटरची. बॅटरीच्या टोकांवर डीसी व्होल्ट तीनदा मोजायचे: दुपारी चारला, सूर्य मावळल्यावर दिवा लागण्याच्या आधी, आणि दिवा विझल्यावर लगेच. तिसऱ्या मोजणीसाठी रात्री जागावे लागते, पण तीच सर्वांत जास्त सांगते. दिवा विझला आणि बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आहेत, तर बॅटरी रिकामी नाही, कोणीतरी दिवा बंद केला आहे. म्हणजे सेटिंग. विझताना अकराच्या आसपास असेल, तर साठा खरोखर संपला, आणि मग प्रश्न उरतो तो इतकाच की तो भरला होता का.

याचे उत्तर दुपारची मोजणी देते. वर घेतलेल्या, तुटीत चालणाऱ्या खांबावर दुपारी चारला चार्ज होत असतानाही व्होल्टेज तेराच्या आगेमागे घुटमळते, १४.४ ची पातळी गाठतच नाही. सूर्य मावळल्यावर ते १२.१-१२.२ वर येते, म्हणजे बॅटरी अर्धीसुद्धा भरलेली नाही. जुन्या बॅटरीचे चित्र याच्या अगदी उलटे असते. सकाळी दहालाच १४.४, कंट्रोलरवर बॅटरी भरल्याची खूण, सगळे झकास. दुपारभर प्लेटचा करंट घ्यायला जागाच नाही. संध्याकाळी १२.७. दिवा लागल्यावर तासाभरात बारा आणि साडेनऊला अकरा. साडेतीन तासांत तिने जेमतेम तीन ॲम्पिअर-अवर दिले, आणि तिच्या अंगावर ४० लिहिलेले आहे. लवकर भरते आणि लवकर रिकामी होते, ही म्हाताऱ्या बॅटरीची खूण. उशिरापर्यंत भरतच नाही, ही उपाशी बॅटरीची. कंट्रोलरची 'फुल'ची खूण व्होल्टेजवर चालते, साठ्यावर नाही, हे लक्षात न घेतल्यामुळेच अनेक जण संपलेल्या बॅटरीला चांगली म्हणतात आणि चांगलीला संपलेली.

मीटर नसेल तर आणखी एक चाचणी आहे, आणि मला ती सगळ्यांत भरवशाची वाटते. दिव्याच्या तारा कंट्रोलरवरून काढायच्या आणि दोन निरभ्र दिवस, दोन रात्री दिवा न लावता बॅटरी भरू द्यायची. तिसऱ्या संध्याकाळी तारा जोडायच्या. कमाई कमी पडत असेल, तर साठलेल्या जादा चार्जवर दिवा त्या रात्री पहाटेपर्यंत जाईल आणि पुढच्या चार-पाच रात्रींत पुन्हा मागे सरकेल. तिसऱ्या रात्रीही पूर्वीच्याच वेळेला विझला, तर भरणे हा प्रश्नच नव्हता. मग एकतर घड्याळ, नाहीतर बॅटरी, आणि त्या दोघांतल्या निवाड्यासाठी मात्र मीटरनेच विझतानाचे व्होल्टेज पाहावे लागते. खांब दोन रात्री अंधारात ठेवावा लागतो, लोक विचारतात, पण चार-सहा हजारांच्या खरेदीपुढे दोन रात्री जास्त नाहीत.

प्लेटबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा. बरेच जण प्लेटच्या तारांवर व्होल्ट मोजतात, वीस-एकवीस दिसले की म्हणतात प्लेट ठणठणीत आहे. धुळीने व्होल्टेज जवळजवळ पडतच नाही, पडतो तो करंट. मातीने माखलेली प्लेटही मोकळ्या तारांवर वीस व्होल्ट दाखवील. म्हणून मोजायचा तो शॉर्ट सर्किट करंट. प्लेटच्या दोन्ही तारा कंट्रोलरवरून सोडवायच्या, मीटरची लाल तार १० ॲम्पिअरच्या खोबणीत घालायची, मीटर डीसी ॲम्पिअरवर लावायचा आणि प्लेटच्या दोन टोकांना थेट टेकवायचा. ४० वॉटच्या प्लेटला कडक उन्हात, प्लेट सूर्यासमोर असताना, सव्वादोन-अडीच ॲम्पिअर दिसायला हवेत. एका छोट्या प्लेटला असे केल्याने काही होत नाही. बॅटरीच्या टोकांना मात्र मीटर असा कधीही लावायचा नाही. शेकडो ॲम्पिअर वाहतात, मीटर फुटतो, हात भाजतो.

आकडा वाचताना ऊनही बदलते हे विसरू नये. सकाळी धुण्याआधी मोजले आणि दुपारी धुतल्यावर मोजले, तर फरक उन्हाचा की धुण्याचा हे कळणार नाही. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे शेजारचा खांब. दोन सारख्या प्लेटा आहेत. एक पहाटे धुतली, दुसरी तशीच ठेवली. दुपारी बाराला पाच-दहा मिनिटांच्या अंतराने दोन्ही मोजल्या. धुतलेली २.३ आणि न धुतलेली १.७ दाखवीत असेल, तर चौथ्या भागाचे नुकसान हातात आले. धुतलेलीही १.७ च दाखवीत असेल, तर धूळ दोषी नाही. मग प्लेट वाऱ्याने फिरून तिचे तोंड दक्षिणेपासून हटले आहे का, काच आतून पिवळी पडली आहे का, मागचे जंक्शन बॉक्स गंजले आहे का, ते पाहायचे.

धुण्याची वेळ पहाटेची. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर तडा जाण्याची भीती असते, आणि पाणी लगेच वाळून डाग पडतात. मऊ फडके, साधे पाणी, साबण नको. बोअरचे पाणी जड असेल तर ते वाळू न देता पुसून घ्यायचे, नाहीतर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो धुळीपेक्षा चिवट असतो. काचेवर कोरडे फडके घासायचे नाही, कारण वाळूचे कण ओरखडे पाडतात. ज्या दिव्यांत प्लेट, बॅटरी आणि एलईडी एकाच पेटीत असतात, त्यांची प्लेट अनेकदा जवळजवळ आडवी असते. तिच्यावर धूळ जास्त साचते आणि दव ओघळत नाही. त्यांना धुण्याची पाळी लवकर लागते.

आता आपल्या खांबाकडे परत. प्लेट धुतली, कमाई सातावरून साडेनऊवर गेली. पूर्ण उजेडाचा खर्च दहा. दिवा आता सव्वाअकरा तास जळेल, म्हणजे पहाटे पाचच्या पुढे जाईल. गाव म्हणेल काम झाले. पण तूट अजून आहे. एक ढगाळ दिवस आला की पुन्हा मागे. शिवाय डिसेंबरात रात्र तेरा तासांची होते. म्हणून दुसरे काम सेटिंगचे: चार तास पूर्ण, मग अर्धा. तेव्हा कुठे खर्च सातावर येतो आणि रोज काहीतरी शिल्लक पडते. ज्यांना मध्यरात्रीनंतरही पूर्ण उजेड हवा आहे त्यांनी प्लेट मोठी मागावी. बटण दाबून उजेड वाढत नाही, तो पुढच्या रात्रींतून उसना घेतला जातो.

मग बॅटरी नेहमीच निर्दोष असते का? नाही. इथे तिन्ही दोष एकमेकांत गुंततात, आणि हीच या सगळ्या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट आहे. लेड-ॲसिड बॅटरी रोज अर्धवट भरली आणि रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक वाढतात. ते पुढे नीट चार्ज केले तरी पूर्ण विरघळत नाहीत आणि साठवण्याची जागा कायमची कमी होते. म्हणजे सुरुवात धुळीने किंवा बटणाने झाली आणि शेवट बॅटरीच्या मरणाने. नवी बॅटरी टाकली तर लक्षण जाते, कारण तसेच राहते. ती दुसरी बॅटरीही त्याच वाटेने जाते. वर्ष-दीड वर्षाने तक्रार परत येते ती यामुळे.

त्यात इथला उन्हाळा. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमानाला धरलेले असते आणि त्यावर दर आठ-दहा अंशांना ते साधारण निम्म्यावर येते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. एप्रिल-मेमध्ये हिंगोलीत सावलीतले तापमान चाळिसाच्या वर जाते, आणि खांबावरच्या पत्र्याच्या डब्यात त्याहून जास्त. पाण्याची बॅटरी असेल तर तिचे पाणी उडते, आणि खांबावर चढून डिस्टिल्ड वॉटर घालायला कोणी जात नाही. पट्ट्या उघड्या पडल्या की तो भाग गेला. अशा बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक खण वेगळा तपासता येतो. ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १.२४० च्या आसपास आकडा येतो. पाच खण १.२३० दाखवतात आणि सहावा १.१५०, तर तो एक खण गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरी. पण हा आकडा पाणी घालून, पूर्ण चार्ज करून मग घ्यायचा. अर्धवट भरलेल्या बॅटरीवर घेतलेला आकडा काहीच सिद्ध करीत नाही.

शेवटचा निवाडा क्षमता चाचणीचा. बॅटरी खाली काढायची. आधी प्लेट सोडवायची, मग बॅटरी, आणि परत जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट. हा क्रम उलटला तर कंट्रोलर जळू शकतो. बॅटरी दुकानात चार्जरवर १४.४ व्होल्टपर्यंत पूर्ण भरून घ्यायची, काही तास विसावू द्यायची. मग गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब तिला लावायचा आणि वेळ पाहायची. हा बल्ब पावणेदोन ॲम्पिअर घेतो. व्होल्टेज ११.१ वर आले की थांबायचे. ४० ॲम्पिअर-अवरची निरोगी बॅटरी अठरा-वीस तासांच्या जवळ जाईल. आठ तास टिकली तर तिच्यात चौदा ॲम्पिअर-अवर आहेत. कागदोपत्री ती बाद आहे, कारण ८० टक्क्यांखालच्या बॅटरीचे आयुष्य संपले असे मानतात. पण आपल्या दिव्याला रात्रीला सात लागतात. स्वच्छ प्लेट आणि योग्य सेटिंग असेल तर ही बॅटरी निरभ्र रात्री काढील. फक्त सलग ढग आले की दुसऱ्या रात्री मान टाकील. दोन-तीन तासांतच बल्ब विझला तर मात्र वाद संपला. बॅटरी बदलायचीच.

नव्या खांबांवर आता लिथियम फेरो फॉस्फेटच्या बॅटऱ्या येतात आणि त्यांनी ओळखण्याची रीत बदलली आहे. यांचे व्होल्टेज बराच वेळ १३.२-१३.३ वर सपाट राहते आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखे खाली येते. व्होल्ट पाहून किती उरले हे सांगता येत नाही, तास मोजावे लागतात. फार खाली गेली की आतले संरक्षक सर्किट बॅटरी तोडते आणि टोकांवर शून्य दिसते. शून्य पाहून ती भंगारात देण्याची घाई करू नये. बहुतेकदा चार्ज मिळताच ती जागी होते. पण सर्वांत जास्त फसवणारा दोष पुन्हा सेटिंगचाच आहे. जुनी बॅटरी काढून १२.८ व्होल्टची चार सेलची लिथियम टाकली आणि कंट्रोलर मात्र तीन सेलच्या, ११.१ व्होल्टच्या लिथियमवर राहिला, तर तो १२.६ व्होल्टलाच भरणे थांबवतो. त्या चार सेलच्या बॅटरीला १४.४ च्या आसपास जावे लागते. १२.६ वर ती जवळजवळ रिकामीच असते. कोरी बॅटरी, धुतलेली प्लेट, आणि दिवा आठला बंद. अशा वेळी बॅटरी परत पाठवण्याआधी कंट्रोलर कोणत्या प्रकारावर लावला आहे ते पाहायचे.

हे सगळे करूनही कारण सापडले नाही तर जोडण्या पाहाव्यात. गंजलेला थिंबल, सैल स्क्रू, मुंग्यांनी भरलेला डबा यांनीही करंट अडतो. बॅटरीच्या टोकांवर आणि कंट्रोलरच्या बॅटरी-खोबणीवर एकाच वेळी व्होल्ट मोजले आणि अर्ध्या व्होल्टचा फरक आला, तर दोष मधल्या तारेत आहे.

ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच आणि खांबांची देखभाल घेणाऱ्यांना एक विनंती आहे. खांब वॉरंटीत आहे का, हे ठरावाच्या आधी करारात पाहा. अनेक करारांत ती पाच वर्षांची असते. प्रत्येक बॅटरीवर बसवल्याची तारीख ऑइलपेंटने लिहा. सोयाबीनची मळणी संपली की एकदा आणि त्यानंतर उन्हाळा संपेपर्यंत दर महिन्याला एकदा प्लेटा धुवा. सेटिंग कोणी, कधी बदलले ते एका वहीत लिहा. आणि नव्या बॅटरीचे बिल मंजूर करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: दिवा विझताना बॅटरीवर किती व्होल्ट होते, धुतलेल्या प्लेटचा दुपारचा करंट किती आला, आणि जुन्या बॅटरीवर २१ वॉटचा बल्ब किती तास जळला. ही तीन उत्तरे नसतील तर ते बिल मंजूर करू नका.